‘हॅलो. हे नक्की काय आहे?’

मन मोकळं करायला म्हणून ज्या चॅट हेल्पलाइन चालवल्या जातात, तिथे येणारे बरेचसे पहिले निरोप सरळ असतात. झोप लागत नाही, घरात बोलणं बंद आहे, आजचा दिवस सहन होत नाही. उत्तर देणं सोपं नसतं, पण कुठे हात घालायचा ते कळतं. एक निरोप मात्र या सगळ्यांहून वेगळा असतो आणि तो थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत राहतो.

‘हॅलो. मैत्रिणीने सांगितलं एकदा इथे बोलून बघ म्हणून. हे नक्की काय आहे मला माहीत नाही.’

तक्रार नाही, मागणी नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. नवा स्वयंसेवक बहुतेक वेळा इथेच अडखळतो. ‘काय मदत करू?’ असं तरी विचारतो, नाहीतर सेवेची सगळी माहिती एका दमात चिकटवून मोकळा होतो. दोन्हीत समोरचा माणूस निसटतो, आणि कशामुळे निसटला हे नंतर संवाद वाचताना लक्षात येतं. या एका हॅलोला काय उत्तर द्यावं आणि तसंच का द्यावं, एवढंच इथे लिहायचं आहे.

आधी निरोप नीट वाचू. ‘हॅलो’ म्हणजे पलीकडे कुणी आहे का याची चाचपणी. शेवटचं वाक्य हा खरा प्रश्न आहे, फक्त तो प्रश्नासारखा लिहिलेला नाही. आणि मधे ती मैत्रीण आहे. कुणाला तरी या व्यक्तीत काहीतरी खटकलं, तिने ते बोलून दाखवलं, पुढचा रस्ता सुचवला, आणि या व्यक्तीने तो झटकून न टाकता कधीतरी फोन हातात घेतला. मैत्रिणीचं सांगणं आणि हे टाइप करणं यात किती दिवस गेले ते आपल्याला दिसत नाही. पण निरोप तीन वाक्यांचा असला तरी त्याच्या मागे एक अख्खं संभाषण होऊन गेलेलं आहे, आणि ते आपल्याशी झालेलं नाही.

मैत्रिणीचं नाव पुढे करण्याचा एक उपयोगही असतो. ‘मी आपणहून आले नाही, मला पाठवलंय’ असं म्हटलं की माघार घ्यायला जागा राहते. हा आडोसा आहे, आणि तो राहू द्यावा. ‘म्हणजे खरं तर तुम्हालाच बोलायचं होतं ना?’ असं कुणी पहिल्याच उत्तरात विचारलं, तर ते बरोबर असलं तरी वाईट उत्तर आहे. आडोशाला उभं राहून बोलणारा माणूस हळूहळू आपणच पुढे येतो. ओढला तर निघून जातो.

आता ‘काय मदत करू?’ हा प्रश्न इथे का चालत नाही ते बघा. त्याला उत्तर देण्यासाठी इथे कोणती मदत मिळते हे ठाऊक लागतं, स्वतःच्या त्रासाला काही नाव देता यावं लागतं, आणि आपल्याला मदत लागते आहे हे स्वतःशी कबूल केलेलं असावं लागतं. आपल्या माणसाकडे यातलं पहिलं नाही, हे त्याने स्वतःच लिहिलंय. उरलेल्या दोन्हींचा भरवसा नाही. मग तो लिहितो, ‘काही नाही, असंच.’ आणि एकदा ‘काही नाही’ लिहिलं, की तिथून मागे फिरणं अवघड होतं. पाच मिनिटांनी ‘खरं तर आहे काहीतरी’ म्हणायचं तर आधीचं वाक्य खोडावं लागतं, आणि अनोळखी माणसापुढे ते कुणाला जमत नाही. म्हणून ‘काही नाही’ म्हणायची वेळ समोरच्यावर आणायचीच नाही.

पहिल्या उत्तराने पुढच्या बोलण्याची वाट ठरते, ही गोष्ट हार्वे सॅक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात फार बारकाईने पाहिली. तो लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंधाच्या कामाशी जोडलेला होता आणि मानसिक आणीबाणीत येणाऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं ऐकत असे. तिथल्या कर्मचाऱ्यांना एक अडचण होती. फोन करणाऱ्याचं नाव सुरुवातीला मिळालं नाही, तर पुढे ते मिळणं कठीण जायचं. सॅक्सच्या लक्षात आलं, की कर्मचारी आधी आपलं नाव सांगून ‘काय मदत करू?’ म्हणाला की समोरूनही बहुधा नाव येतं. पण एका फोनमध्ये समोरचा नुसतं म्हणाला, ‘ऐकू आलं नाही.’ कर्मचाऱ्याने आपलं नाव पुन्हा सांगितलं, आणि एवढ्यात फोन करणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायची जागा निघून गेली. कुणी कुणाला नकार दिला नव्हता. पहिलं वाक्य ज्या घाटाचं असतं त्याच घाटाचं उत्तर येतं, आणि त्या घाटात ज्याला जागा नाही ते मागे पडतं. सॅक्सच्या 1964 पासूनच्या व्याख्यानांची सुरुवातच या फोनपासून होते.

आपल्या हॅलोच्या बाबतीत पहिलं वाक्य समोरून आलेलं आहे. त्याने दोन जागा मोकळ्या ठेवल्यात, ‘हे काय आहे’ आणि ‘मैत्रीण’. उत्तराने त्या दोन्ही घ्यायच्या, आणि याच क्रमाने. त्याने न मांडलेली तिसरी जागा, म्हणजे ‘तुमचा त्रास काय’, आपण होऊन उघडायची नाही.

प्रत्यक्षात उत्तर असं काहीसं दिसतं:

‘हॅलो, लिहिलंत ते बरं केलंत. ही चॅट हेल्पलाइन आहे. मनात काही साठलं असेल, नकोसं वाटत असेल, किंवा नुसतं कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर इथे एका माणसाशी लिहून बोलता येतं. मी इथे स्वयंसेवक आहे, डॉक्टर नाही. नाव सांगायची गरज नाही.’

आणि लगेच दुसऱ्या निरोपात:

‘मैत्रिणीने हे काय बघून सुचवलं असेल, काही अंदाज येतो का?’

दोन्ही मिळून साधारण पन्नास शब्द. मोबाइलच्या पडद्यावर न सरकवता दिसतील एवढे. याहून लांब गेलं की वाचणाऱ्याला ते माहितीपत्रक वाटतं, आणि माहितीपत्रकाला कुणी उत्तर देत नाही. याहून आखूड केलं, म्हणजे ‘ही हेल्पलाइन आहे, बोला’ एवढंच लिहिलं, तर ‘हेल्पलाइन’ या शब्दाभोवती माणसाच्या मनात जे काही असेल तेच त्याला दिसतं. हेल्पलाइन म्हटलं की बँकेचं तक्रार केंद्र आठवणारे पुष्कळ असतात, आणि पोलिसांना कळवतील या धास्तीने बंद करणारेही असतात. म्हणून शब्द लिहिला की पाठोपाठ साध्या भाषेत इथे काय होतं ते सांगायचं.

‘साठलं असेल, नकोसं वाटत असेल, किंवा नुसतं बोलावंसं वाटत असेल’ ही रचना मुद्दाम आहे. तिन्हींची तीव्रता वेगळी आहे. ‘नैराश्य’, ‘मानसिक आजार’, ‘संकट’ असे शब्द पहिल्या उत्तरात आले, तर ‘माझं काही एवढं नाही’ म्हणून माणूस उठतो. उलट ‘गप्पा मारायची जागा’ असं हलकं करून सांगणं मला त्याहून वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. अर्ध्या तासाने जिवावर बेतलेली गोष्ट निघाली आणि आपण गंभीर प्रश्न विचारायला लागलो, की समोरच्याला फसवल्यासारखं होतं. इथे काय होतं हे विचारलंय, तर जे होतं तेच सांगावं.

‘डॉक्टर नाही’ हेही त्यासाठीच. आपण काय नाही हे पहिल्यांदाच सांगितलं, की औषध, निदान, प्रमाणपत्र यांच्या अपेक्षा गैरसमज होण्याआधीच मिटतात.

गुप्ततेबद्दल मात्र फार जपून. ‘नाव सांगायची गरज नाही’ हे खरं आहे आणि पहिल्या उत्तराला तेवढं पुरतं. ‘इथलं कुणालाही, कधीही कळणार नाही’ असं लिहू नये. बऱ्याच सेवांमध्ये जिवाला लगेच धोका दिसला तर तातडीच्या यंत्रणेला कळवायचा नियम असतो, संवादाची नोंद राहते, आणि वरिष्ठ ती वाचू शकतात. कुठली सेवा काय करते हे वेगवेगळं असतं, म्हणून आपल्या सेवेचा नियम स्वयंसेवकाला तोंडपाठ हवा. समोरच्याने विचारलं, ‘हे कुणाला सांगणार का?’, तर अपवादासकट सगळं सांगायचं. मोडावं लागेल असं वचन सुरुवातीला दिलं, तर ते नेमकं सगळ्यात नाजूक वेळी मोडतं.

आता दुसरा निरोप. मैत्रिणीने ‘का’ सुचवलं असं विचारलं नाही, ‘काय बघून’ असं विचारलं. मराठीत ‘का’ने सुरू होणारा प्रश्न चटकन जाब विचारल्यासारखा वाटतो. ‘काय बघून’ म्हटलं की उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या आत उतरावं लागत नाही. त्याला फक्त मैत्रिणीच्या जागी उभं राहून बाहेरून बघायचं असतं. ‘ती म्हणते मी जेवत नाही’ हे लिहिणं ‘मी जेवत नाही’ लिहिण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. मजकूर तोच, पण आडोसा शाबूत. शिवाय ‘काही अंदाज येतो का’ म्हटल्यामुळे ‘माहीत नाही’ हेही पूर्ण उत्तर ठरतं, आणि ‘माहीत नाही’ नंतर बोलणं चालू राहू शकतं. ‘काही नाही’ नंतर ते थांबतं.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी इतर काही भाषांत उद्भवतच नाही. आपली क्रियापदं आणि विशेषणं लिंग सांगतात. ‘कसे आहात’ की ‘कशा आहात’? वरच्या निरोपातून मैत्रीण ही बाई किंवा मुलगी आहे एवढंच कळतं. लिहिणारी व्यक्ती कोण ते कळत नाही, कारण ‘मला सांगितलं’, ‘मला माहीत नाही’ या रचनांत कर्त्याचं लिंग दिसत नाही. अंदाजाने ‘कशा आहात’ लिहिलं आणि तो मुलगा निघाला, तर पहिल्याच ओळीत ‘तुम्ही मला पाहिलंच नाहीत’ असं झालं. म्हणून सुरुवातीची वाक्यं लिंग न दाखवणारी घ्यायची. ‘लिहिलंत ते बरं केलंत’, ‘कसं वाटतंय’, ‘काय चाललंय’, ‘तुम्हाला जमेल तसं सांगा’. चार-पाच निरोपांत समोरून ‘मी गेलो’ किंवा ‘मी बसलेय’ असं काही येतंच, आणि मग प्रश्न सुटतो. काही जण शेवटपर्यंत येऊ देत नाहीत. तेही ठीक आहे, आपणही तसंच लिहीत राहायचं.

‘तू’ की ‘तुम्ही’ याचंही तसंच. सुरुवात ‘तुम्ही’ने. समोरची व्यक्ती लहान वाटली तरी आपण होऊन ‘तू’वर उतरू नये. तिने म्हटलं ‘मला तू म्हणा’, तर लगेच म्हणावं. आणि समोरच्याने रोमन लिपीत मराठी लिहिलं असेल तर मी रोमनमध्येच उत्तर द्यावं या मताची आहे. शुद्ध देवनागरीतलं ठाशीव उत्तर आलं की घरच्या कपड्यांत बसलेल्या माणसापुढे कुणी गणवेशात उभं राहिल्यासारखं होतं.

पुढे काय घडतं हे एका रचलेल्या संवादावरून बघू. हा कुणाचाही खरा संवाद नाही, पण अशा बोलण्याची चाल अशीच असते.

रात्रीचे पावणेबारा. वरचा निरोप येतो, वरची दोन उत्तरं जातात. पडद्यावर समोरून टाइप होत असल्याची खूण दिसते, थांबते, पुन्हा दिसते. मग येतं:

‘अच्छा. तिला वाटतं मी हल्ली नीट नसते.’

‘नसते.’ एक प्रश्न सुटला. आता मोह होतो तो ‘नीट नसते म्हणजे कशी?’ असं विचारायचा. पण वाक्याचा कर्ता अजून मैत्रीण आहे, ‘तिला वाटतं’. तिथेच राहावं.

‘तिला तुमच्यात काहीतरी बदललेलं दिसतंय. तिच्या नजरेला काय पडलं असेल?’

‘माहीत नाही. डबा तसाच परत नेते म्हणून असेल. आणि मेसेजला उत्तर देत नाही. ती उगाच टेन्शन घेते.’

इथे दोन चुका तयारच असतात. एक, मैत्रिणीची बाजू घेणं, ‘तिला तुमची काळजी आहे म्हणून ती असं म्हणते.’ दुसरी, हिची बाजू घेणं, ‘हो, कधीकधी लोक जास्तच काळजी करतात.’ पहिलीत आपण मैत्रिणीच्या गटात जाऊन बसतो आणि दोघी मिळून हिला सुधारायला निघाल्यासारखं दिसतं. दुसरीत मैत्रिणीने जे दाखवलं ते आपणच पुसून टाकतो. ‘उगाच’ हा शब्द उचलावा, पण त्याचा निवाडा करू नये.

‘डबा परत जातोय, मेसेज तसेच पडून आहेत. तिला ते मोठं वाटतंय, तुम्हाला तेवढं नाही. तुमच्या बाजूने हे दिवस कसे चाललेत?’

पहिल्या अर्ध्यात तिनेच लिहिलेलं तिला परत दिलंय, आपल्याकडचं काही मिसळलेलं नाही. आणि आता, चौथ्या उत्तरात, पहिल्यांदा प्रश्न थेट तिच्याकडे वळलाय. याआधी वळवला असता तर ‘ठीक’ असं एका शब्दाचं उत्तर आलं असतं. आता येतं ते असं:

‘ठीकच. फक्त थकवा येतो. कशाला उठायचं असं वाटतं. रात्री वाटतं झोपावं आणि सकाळ होऊच नये.’

या वाक्यापाशी हळू व्हायचं. ‘सकाळ होऊच नये’ हे कंटाळ्याने म्हटलेलं असू शकतं आणि मरणाचा विचारही असू शकतो. अंदाज करायचा नाही, विचारायचं. नवख्यांना धाक वाटतो, की आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारल्याने ते विचार रुजतात असं संशोधनात आढळलेलं नाही. उलट विचारल्याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. विचारण्याची रीत मात्र सरळ हवी. ‘तुम्ही काही वेडंवाकडं तर करणार नाही ना?’ यात ‘नाही’ हे उत्तर आधीच मागितलेलं आहे, आणि विचाराला वेडंवाकडं म्हणून मोकळे झालो आहोत. त्याऐवजी:

‘सकाळ होऊच नये असं वाटणं फार जड असतं. असं वाटतं तेव्हा जीव संपवावा असेही विचार येतात का?’

‘कधी कधी येतात. पण मी काही करणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.’

‘कुणालाच सांगितलं नव्हतं ते इथे लिहिलंत. आज रात्री हे विचार आहेत का? काय करायचं असं काही मनात ठरलंय का?’

उत्तर ‘आज नाही, ठरवलेलं काही नाही’ असं आलं तर बोलणं पुढे त्या थकव्याकडे, न खाण्याकडे, कधीपासून सुरू झालं याकडे वळतं. उत्तर ‘हो’ आलं, काही ठरलेलं असलं, साधन हाताशी असलं, तर स्वयंसेवकाने एकट्याने निभावू नये. वरिष्ठाला त्याच क्षणी कळवायचं, आणि समोरच्या व्यक्तीला तसं सांगून मगच पुढची पावलं टाकायची. ती पावलं प्रत्येक सेवेत लिहून ठेवलेली असतात.

एवढ्या वाटेवर लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की ‘हे काय आहे माहीत नाही’ पासून ‘कुणाला सांगितलेलं नाही’ पर्यंत जायला आपल्या बाजूने पाच-सहा उत्तरं लागली आणि त्यातली निम्मी मैत्रिणीबद्दल होती. सल्ला एकही दिलेला नाही. लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने 1953मध्ये आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली, तिला पुढे समॅरिटन्स हे नाव मिळालं. त्याला भेटायला येणाऱ्यांना थांबावं लागे, आणि तेवढ्या वेळात काही साधी माणसं त्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. वाराच्या लक्षात आलं, की बऱ्याच जणांना त्या बोलण्यानंतर त्याला भेटायची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्याने ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांकडे सोपवलं. आपण कशासाठी आलो आहोत हे नक्की माहीत नसलेल्या माणसाला दाराशी कोण भेटतं, याला किती वजन असतं ते या एका घडामोडीत दिसतं.

संवाद नेहमी असा पुढे सरकत नाही. सगळ्यात जास्त वेळा घडतं ते म्हणजे पहिल्या उत्तरानंतर शांतता. टाइप होत असल्याची खूण येते आणि जाते, निरोप येत नाही. दोन-तीन मिनिटं काहीच लिहू नये. तेवढा वेळ माणूस वाचतोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. मग एकच ओळ, ‘घाई नाही, मी इथेच आहे.’ आणखी पाच-सात मिनिटांनीही काही आलं नाही तर तिसरा निरोप, ज्यात प्रश्न नको. ‘आज बोलावंसं वाटत नसेल तरी हरकत नाही. ही जागा काय आहे ते आता माहीत झालंय, पुन्हा कधीही लिहिता येईल.’ प्रश्नामागून प्रश्न पाठवले तर प्रत्येक न दिलेलं उत्तर त्या व्यक्तीच्या डोक्यावर उधारीसारखं चढतं, आणि उधारी चढली की माणूस त्या गल्लीतून जाणं टाळतो.

कधी मैत्रीण शेजारीच बसलेली असते. उत्तरं फार झटपट आणि नीटनेटकी येतात, किंवा मधेच ‘आम्ही’ येतं, त्यावरून ते ओळखू येतं. अशा वेळी सरळ विचारावं, ‘आत्ता कुणी सोबत आहे का? असलं तरी चालेल, फक्त मला कळलं तर बरं.’ शेजारी कुणी असताना जिवाबद्दलचा प्रश्न विचारला तर त्याचं खरं उत्तर येईल याची खात्री नसते, म्हणून तो विचारायच्या आधी हे कळायला हवं.

आणि काही वेळा माणसाला खरंच वेगळंच काही हवं असतं. मैत्रिणीने करिअरच्या सल्ल्याची साइट सांगितली आणि हा चुकून इथे आला. ‘काय बघून सुचवलं असेल’ या प्रश्नाने तेही दोन मिनिटांत उघड होतं, आणि कुणाला ओशाळं वाटत नाही. त्याला योग्य जागा सांगून निरोप द्यावा. त्याआधी एकदा ‘बाकी सगळं बरं आहे ना?’ असं मी विचारते. बरेचदा बरंच असतं.

तयार मजकुरांचाही प्रश्न असतो. बहुतेक सेवांमध्ये स्वयंसेवकाकडे आधीच लिहून ठेवलेली वाक्यं असतात, एका कळीवर जाणारी. गुप्ततेचा नियम, तातडीचे क्रमांक, सेवेची वेळ यांसाठी ती उत्तम, कारण तिथे एकही शब्द चुकायला नको. पण हॅलोच्या उत्तराला ती वापरू नयेत. ‘तुमच्या भावना मी समजू शकते’ हे वाक्य अजून एकही भावना लिहिलेली नसताना गेलं, की समोरच्याला कळतं पलीकडे कुणी वाचत नाहीये. खूण साधी आहे. उत्तरात समोरच्याने वापरलेला निदान एक शब्द असला पाहिजे. इथे तो शब्द ‘मैत्रीण’ आहे.

संवाद संपवताना पुन्हा तिच्यापाशीच यावं लागतं, कारण ती बाहेर वाट बघत असते. उद्या ती विचारणार, ‘मग, केलंस का?’ आणि त्याचं उत्तर या व्यक्तीकडे तयार नसतं. वरच्या संवादात शेवटाकडे ती असं लिहिते:

‘तिला काय सांगू?’

‘तुम्हाला वाटेल तेवढंच. बोलले, एवढं म्हटलं तरी पुरे आहे. जे इथे लिहिलंत त्यातलं काही तिला सांगावंसं वाटतंय का?’

‘डब्याचं सांगेन. ते तिला माहीतच आहे.’

‘डब्यापासून सुरू करा मग. आणि रात्री सकाळ नको वाटली तर इथे लिहा, मी नसले तरी कुणीतरी असेल. “हे काय आहे” ते तेव्हा विचारावं लागणार नाही.’

बारा चाळीस. समोरून एक अंगठा येतो, आणि दोन मिनिटांनी ‘थँक्यू’. ती गेल्यावर स्वयंसेवक नोंद लिहिते. विचार येतात, आज नाहीत, ठरवलेलं काही नाही, जेवण कमी, एक मैत्रीण जवळची. पुढच्या वेळी कुणीही बसलेलं असो, सेवेला तिची जुनी नोंद सापडणार असेल, तर त्याला ही पाच गोष्टींची नोंद आधी दिसेल, आणि तिचं हॅलो त्याला कोऱ्या पानावर वाचावं लागणार नाही.